मायना आणि शेवट : वयोवृद्ध वरिष्ठास लिहावयाच्या पहिल्या पत्राची मराठी रीत

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास एखाद्या निवृत्त संशोधकाकडे कामानिमित्त प्रथमच लिहावयाचे असते, तेव्हा तो मजकुरापाशी अडत नाही. पहिल्या ओळीपाशी अडतो. 'पूज्य' लिहावे, 'आदरणीय' लिहावे, की नुसते 'सर' म्हणून मोकळे व्हावे? पत्र हल्ली ई-मेलने जाते, किंवा दूरध्वनीवरील चार ओळींच्या संदेशाने जाते. परंतु अडचण तीच आहे. ही अडचण आजची नव्हे. मराठी लेखनव्यवहाराने तिचा विचार निदान तीनशे वर्षे केलेला आहे, आणि त्या विचाराचा पुरावा आपल्या दप्तरखान्यांत पडून आहे. वयाने फार मोठ्या व अधिकाराने श्रेष्ठ अशा, पण अपरिचित, व्यक्तीस लिहिताना आदर नेमका कोठे व्यक्त होतो, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारात घेतला आहे.

पत्रारंभीच्या संबोधनास आपण 'मायना' म्हणतो. हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ 'अर्थ' किंवा 'आशय' असा आहे. आशयवाचक शब्द संबोधनास लागू व्हावा, हे सूचक आहे. कारण जुन्या पत्रातील निम्मा आशय खरोखरच मायन्यातून कळतो. लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि दोघांत अंतर किती, हे पहिल्या दोन ओळींतच ठरून जात असे. हे अंतर कसे मोजावे याचे नियम सांगणारी पुस्तके कारकुनांच्या हाताशी असत. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर चालणारे 'मेस्तक' हे त्यांतील प्रसिद्ध होय. त्याचे कर्तृत्व खरोखर हेमाद्रीचे आहे की नाही हा वाद आपल्यापुरता बाजूस ठेवावा. असे नियम पाठ करणे हा कारकुनी शिक्षणाचा भाग होता, इतके आपल्यास पुरे आहे.

पेशवेकालीन पत्रांत हे अंतर एका मापाने मोजलेले नाही, तीन मापांनी मोजलेले आहे : एक नाते व वय, दुसरे अधिकार, तिसरे जात. सामान्यतः ही तीनही मापे एकाच दिशेस झुकत, आणि मग कारकुनास विचार करावा लागत नसे. ती परस्परांविरुद्ध जात, तेव्हाच रीतीची खरी परीक्षा होई. याचे एक उदाहरण जरा सावकाश पाहण्यासारखे आहे.

१७६१ साली पानिपतानंतर माधवराव पेशवेपदावर आला, तेव्हा त्याचे वय सोळा होते. मल्हारराव होळकराचा जन्म १६९३ चा. म्हणजे तो त्या वेळी अडुसष्ट वर्षांचा होता. थोरल्या बाजीरावाच्या हाताखाली लढलेला हा सरदार नव्या पेशव्याच्या आजोबाच्या पिढीतला. वयाच्या मापाने माधवरावाने त्याच्यापुढे नम्र व्हावे. अधिकाराच्या मापाने मल्हाररावाने माधवरावापुढे व्हावे. अशा स्थितीत पेशव्याकडून सरदारास जाणाऱ्या पत्राचा रूढ साचा असा असे : वर 'श्री', मग 'राजश्री मल्हारजी होळकर गोसावी यांसी', त्याखाली 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य', मग लिहिणाराचे नाव, 'स्नेहांकित माधवराव बल्लाळ प्रधान', आणि पुढे 'आशीर्वाद विनंती उपरी'. येथील कुशल जाणून स्वकीय लिहीत जावे असे म्हणून, 'विशेष' या शब्दाने मुख्य मजकुरास हात घालावयाचा.

या साच्यातील प्रत्येक शब्द आपापल्या मापाचे काम करतो. 'राजमान्य' आणि 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' ही सरदाराच्या दर्जाची ओळख होय. 'स्नेहांकित' हा शब्द बरोबरीच्या नात्याकडे झुकतो. धनी चाकरास लिहीत असताही 'स्नेह' म्हणतो, यात त्या सरदाराचे वजन दिसते. 'गोसावी यांसी' यातही मान आहे, पण तो बेताचा. खऱ्या वरिष्ठास लिहावयाचे तर 'स्वामींचे सेवेसी' असेच लिहावे लागे. आणि मग येतो 'आशीर्वाद'. सोळा वर्षांचा मुलगा अडुसष्ट वर्षांच्या योद्ध्यास आशीर्वाद देतो. येथे वय हरले आहे, आणि ते अधिकारापुढे नव्हे, जातीपुढे हरले आहे; ब्राह्मणाने ब्राह्मणेतरास लिहिताना आशीर्वाद लिहावा ही ती रीत. परंतु त्याच दमात 'विनंती' हा शब्दही आला आहे. आशीर्वाद देणारा विनंतीही करतो. आजच्या वाचकास ही विसंगती वाटेल. आमच्या मते ती विसंगती नसून तीन मापांत केलेली तडजोड आहे, आणि वयास जी काय जागा मिळाली ती त्या एका 'विनंती'त मिळाली.

उलट दिशेचे पत्र अधिक सरळ असे. सरदाराने पेशव्यास लिहिताना 'श्रीमंत राजश्री... स्वामींचे सेवेसी' असा आरंभ करून स्वतःस 'सेवक' किंवा 'आज्ञाधारक' म्हणवावे, 'कृतानेक दंडवत विनंती' लिहावी. ब्राह्मण कामदार असेल तर दंडवताच्या जागी 'साष्टांग नमस्कार' येई. येथे वयाचा उल्लेखही नाही. मात्र घरात हा नियम पालटे. पुतण्याने चुलत्यास 'तीर्थरूप' व चुलत्याने पुतण्यास 'चिरंजीव' लिहावे, ही रीत पुतण्या पेशवा झाल्याने मोडत नसे. म्हणजे वयास मान मिळे तो नात्याच्या द्वारे. नाते नसेल तर वय एकटे मायन्यात शिरू शकत नसे.

ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अपरिचित वृद्धास 'तीर्थरूप' लिहिणे हा जुन्या रीतीत केवळ अधिक आदर नव्हे. तो नात्याचा दावा होय. 'तीर्थरूप' म्हणणारा स्वतःस 'अपत्य' किंवा 'बालक' म्हणवितो, आणि अपत्याचे लालनपालन करणे हे वडिलांचे कर्तव्य ठरते. तेव्हा वरकरणी नम्र दिसणारा शब्द वाचणारावर ओझे घालतो. आजचे विद्यार्थी पहिल्याच पत्रात 'परमपूज्य गुरुवर्य' असे लिहितात, तेव्हा नेमके हेच होते. ज्याने आपल्यास एक अक्षरही शिकविलेले नाही त्यास गुरू म्हणणे म्हणजे शिष्यत्व न मागता घेणे होय. वृद्ध माणसास हे चटकन कळते, आणि त्याची लेखणी अवघडते.

मायन्यातील अभिवादन हा केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. कोणी 'नमस्कार' लिहावा, कोणी 'दंडवत', कोणी 'रामराम', आणि कोणी 'जोहार' एवढेच म्हणावे, हे जातीने ठरलेले होते आणि ते मोडणारास जाब विचारला जाई. मुंबईतील सोनार परस्परांत व इतरांशी 'नमस्कार' वापरू लागले, ही तक्रार पुण्याच्या दरबारापर्यंत गेली. आणि १७७९ साली मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांनी नमस्कार हा अभिवादनप्रकार वापरू नये असा हुकूम काढला. एका शब्दावरून राजसत्तेचा हुकूम निघावा, इतका तो शब्द मोलाचा होता. आज आपण अपरिचितास निःशंकपणे 'सादर नमस्कार' लिहितो. ती निःशंकता आपोआप आलेली नाही. जुन्या मायन्यांविषयी हळहळ व्यक्त करणारांनी हा ठराव ध्यानात ठेवावा. जी नेमकी भाषा हरवली असे आपण म्हणतो, तिची नेमकेपणाची किंमत कोणी दिली हे त्यावरून कळते.

इंग्रजी अमलात या यंत्रणेचे दोन तुकडे झाले. कचेरीच्या पत्राने अर्जाचे रूप घेतले. 'मेहेरबान... साहेब यांचे सेवेशी', 'विनंती अर्ज ऐसाजे' ही भाषा जुन्या विनंतीपत्राची सांगाडा-रूपाने उरलेली खूण आहे, आणि न्यायालयीन कागदांत 'मेहेरबान कोर्ट' आजही टिकून आहे. खासगी पत्रात मात्र मायने आक्रसत गेले. 'राजमान्य राजश्री' याचे 'रा. रा.' झाले आणि ते राजाशी काही संबंध नसलेल्या कोणाही गृहस्थाच्या नावामागे लागू लागले. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' याचे 'सा. न. वि. वि.' झाले. संक्षेपाबरोबर अर्थ झिजला, पण एक लाभही झाला. 'रा. रा.' कलेक्टर कचेरीतील कारकुनास लागे आणि नामांकित वकिलासही लागे. दर्जाचे माप त्यातून गळाले. पुढे त्याची जागा 'श्री.' ने घेतली आणि उरलासुरला भेदही गेला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासकीय पत्रव्यवहार मराठीत वाढत गेला, तेव्हा तेथे 'महोदय' व 'आपला विश्वासू' ही जोडी स्थिर झाली. ही जोडी निर्दोष आहे, पण ती पदास उद्देशून आहे, माणसास नव्हे. निवृत्त संशोधकास 'महोदय' लिहिले तर त्यास आपण एखाद्या खात्याचे प्रमुख झालो आहोत असे वाटावे.

मायन्याची ही घसरण झाली तरी दुसरे एक साधन शाबूत राहिले, आणि त्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हांस वाटते. ते साधन म्हणजे पत्राचा शेवट व त्याच्याशी बांधलेले क्रियापद. जुन्या पत्रांत वरिष्ठ कनिष्ठास लिहितो तेव्हा 'हे काम करावे' असे लिहून 'जाणिजे' या शब्दाने आटोपतो. कनिष्ठ वरिष्ठास लिहितो तेव्हाही 'आज्ञा करावी', 'पत्र पाठवावे' असेच लिहितो; परंतु शेवटी 'हे विनंती' किंवा 'श्रुत होय, हे विज्ञापना' असे असते. बरोबरीच्यांत 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे' असे असते. म्हणजे 'करावे' हे एकच रूप हुकमासही चालते आणि याचनेसही चालते. ते हुकूम आहे की याचना, हे पत्राच्या शेवटच्या दोन शब्दांवर ठरते. मूळ कागदाचा शेवट फाटला असेल तर मधल्या मजकुरावरून लिहिणाराचा दर्जा ठरविणे किती कठीण जाते, हे मोडी कागद हाताळलेल्यांस ठाऊक आहे.

आजच्या मराठीतही हीच स्थिती आहे. 'अभिप्राय कळवावा' हे वाक्य कचेरीच्या परिपत्रकात आज्ञा होय. विद्यार्थ्याच्या पत्रात ते विनंती व्हावयास हवे असेल तर पुढे 'ही विनंती' असे आले पाहिजे, किंवा वाक्यच 'कळवाल का?' असे वळविले पाहिजे. पुष्कळ विद्यार्थी मायन्यात तीन विशेषणे रचतात आणि शेवटी 'तरी कृपया लवकरात लवकर उत्तर द्यावे' असे लिहून थांबतात. त्यांच्या मनात उद्धटपणा नसतो. पण वाचणारास आरंभी दंडवत आणि शेवटी 'जाणिजे' दिसते, आणि लक्षात राहतो तो शेवट.

सर्वनामाची अडचण याहून सूक्ष्म आहे. वडीलधाऱ्या अपरिचितास 'तू' म्हणण्याचा प्रश्नच नाही. निवड 'तुम्ही' आणि 'आपण' यांत असते. 'आपण' अधिक आदराचे, म्हणून तेच वापरावे, असे सामान्यतः सांगितले जाते व ते बरोबरही आहे. परंतु 'आपण' हा शब्द 'तुम्ही' या अर्थी येतो तसा 'तुम्ही व मी मिळून' या अर्थीही येतो. 'आपल्या संशोधनातील त्रुटींविषयी बोलावयाचे आहे' असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर त्रुटी कोणाच्या? जुन्या कारकुनाने हा घोटाळा 'स्वामी' या शब्दाने टाळला होता : स्वामींनी लिहिले, स्वामींची आज्ञा झाली, सेवकाने केले. समोरच्यास तृतीय पुरुषात ठेवले की शंकेस जागा उरत नाही. आज 'स्वामी' लिहिता येणार नाही, पण युक्ती घेता येते. शंका येईल तेथे सर्वनामाऐवजी ग्रंथाचे किंवा लेखाचे नाव घालावे, आणि स्वतःविषयी स्पष्ट 'माझा', 'मी' लिहावे. आणखी एक खूण अशी की, अनिश्चित मनाचा लेखक एका परिच्छेदात 'आपण' व पुढच्यात 'तुमचे' असे लिहितो. दोन्ही शब्द आदराचेच आहेत, तरी त्यांची सरमिसळ मसुदा दोन बैठकांत, किंवा दोन पत्रांवरून उचलून, लिहिल्याचे उघड करते.

आता प्रत्यक्ष एक मसुदा घेऊ. चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्यास एका निवृत्त, पंचाहत्तरीच्या संशोधकाने केलेली परगण्याच्या हिशेबांची मोडी लिप्यंतरे पाहावयाची आहेत; ती छापलेली नाहीत. त्याने पहिल्यांदा असे लिहिले : 'परमपूज्य गुरुवर्य सरांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. मी आपला एक छोटासा विद्यार्थी. आपल्या कामाबद्दल खूप ऐकले आहे. आपल्याला हिशेबाचे कागद लागणार आहेत. तरी तुम्ही ते लवकर पाठवावेत. धन्यवाद.' येथे नाते नसता नात्याचा दावा आहे. 'आपला विद्यार्थी' हे विधान खरे नाही. 'आपल्याला कागद लागणार आहेत' यात कागद कोणास लागणार हे कळत नाही. मागणी मोठी, तिला मुदत नाही, 'लवकर' मात्र आहे. 'धन्यवाद' हा शब्द काम होण्यापूर्वीच उच्चारला असल्याने तो कृतज्ञतेचा न राहता पावतीचा झाला आहे.

त्याने फिरवून लिहिलेला मसुदा असा : 'आदरणीय डॉ. ... यांस, सादर नमस्कार. मी अमुक विद्यापीठाच्या इतिहास विभागात पदव्युत्तर वर्गात शिकत असून अठराव्या शतकातील परगण्याच्या जमाखर्चावर प्रबंध लिहीत आहे. अमुक लेखाच्या तळटिपेत आपण केलेल्या लिप्यंतरांचा उल्लेख आहे. त्यांतील एका सालाचा ताळेबंद पाहावयास मिळाल्यास माझ्या एका शंकेचे निराकरण होईल. मी आपल्या सोयीच्या दिवशी घरी येऊन तेथेच टिपून घेईन. कागद बाहेर नेण्याची गरज नाही. आपली प्रकृती व सवड पाहून कळवावे, ही विनंती. आपला, ...'

या मसुद्यात 'पूज्य' नाही, 'चरण' नाहीत, 'सर'ही नाही. 'आदरणीय' हे एकच विशेषण पुरे झाले, कारण उरलेला आदर मागणीच्या आकारात शिरला आहे : सगळी लिप्यंतरे नव्हेत, एका सालाचा ताळेबंद, पाठवा नव्हे, मी येतो. जुन्या पत्रातील 'विशेष' या शब्दाचे काम येथे तळटिपेच्या उल्लेखाने केले आहे. क्षेमकुशल संपले, आता काम, असे त्या शब्दाने सांगितले जाई. 'कळवावे, ही विनंती' यात जुना शेवट जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. 'सर' न लिहिण्याचे कारण वेगळे आहे. शाळेपासून आपण शिक्षकास 'सर' म्हणतो, त्यामुळे त्या शब्दात गुरुशिष्यसंबंध गृहीत धरलेला असतो. समोरून 'सर' म्हणण्याइतका परिचय झाला की तो वापरावा. बोलताना तर तो सहजच येतो. काही विभागांत पहिल्या पत्रातही तोच रूढ आहे, आणि तेथे तो न लिहिणे हेच विचित्र दिसेल, हेही मान्य केले पाहिजे.

विदुषीस लिहिताना जुनी रीत मुळीच साह्य करीत नाही. 'सौ.', 'गं. भा.' आणि 'कु.' या उपपदांनी स्त्रीची वैवाहिक स्थिती सांगितली जाई, विद्वत्ता नव्हे. 'श्रीमती' हे शासकीय व्यवहारात सर्वच स्त्रियांस लागते. परंतु महाराष्ट्रात ते बराच काळ विधवावाचक मानले गेले असल्याने जुन्या पिढीतील एखाद्या विदुषीस ते खटकण्याचा संभव आहे. म्हणून तेथे 'डॉ.' किंवा 'प्राध्यापक' हे पद व पूर्ण नाव एवढेच लिहावे. ज्यांना सारे विद्यार्थी 'बाई' म्हणतात त्यांना पहिल्या पत्रात 'बाई' लिहू नये. तो शब्द पुण्यामुंबईच्या शिक्षणक्षेत्रात मोठ्या मानाचा आहे, पण तो वर्गात बसलेल्यांचा अधिकार आहे.

ई-मेलच्या विषयाच्या ओळीमुळे यात एक नवी भर पडली आहे. वाचणाराच्या दृष्टीस मायन्याच्याही आधी ती पडते, आणि जुन्या पत्रात तिला समांतर असे काही नाही. तेथे आदराचा शब्द घालू नये; '१८ व्या शतकातील परगण्याचा ताळेबंद पाहण्याविषयी' एवढे पुरते. दूरध्वनीवरील संदेशात तर 'नमस्कार' एका संदेशात, नाव दुसऱ्यात आणि काम तिसऱ्यात असे तुकडे पडतात. वृद्ध वाचकाचा फोन तीनदा वाजतो, आणि पहिल्या वेळी पाहिले तर अनोळखी क्रमांकावरून आलेला नुसता 'नमस्कार' दिसतो. पेशव्यांचा कारकून श्री, मायना, विशेष आणि विनंती हे सारे एका कागदावर, एका घडीत पाठवीत असे. संदेश लिहितानाही तो चारही अंगांसह एकदाच पाठवावा.